वाकडी तार, सरळ जीवा

बारावीच्या भौतिकशास्त्रात एक प्रश्न वर्षानुवर्षे विचारला जातो. १० सेंटिमीटर त्रिज्येच्या अर्धवर्तुळात वाकवलेल्या तारेतून ५ अँपिअर विद्युतधारा वाहते आहे. तार टेबलावर सपाट ठेवली आहे आणि ०.४ टेस्लाचे चुंबकीय क्षेत्र टेबलाला लंब दिशेने, सगळीकडे सारखे पसरलेले आहे. तर तारेवर एकूण बल किती?

बहुतेक विद्यार्थी आधी तारेची लांबी काढतात. अर्धवर्तुळाची लांबी म्हणजे पाय गुणिले त्रिज्या, म्हणजे ३१.४ सेंटिमीटर. ती सूत्रात घातली की उत्तर येते ०.६३ न्यूटन. बरोबर उत्तर मात्र ०.४ न्यूटन आहे. तेवढेच बल त्या अर्धवर्तुळाच्या दोन टोकांना जोडणाऱ्या २० सेंटिमीटरच्या सरळ तारेवर आले असते. दोन टोकांना जोडणाऱ्या या सरळ रेषेला भूमितीत जीवा म्हणतात आणि अर्धवर्तुळाच्या बाबतीत ही जीवा म्हणजे व्यासच असतो.

क्लासमध्ये हा नियम एका वाक्यात सांगून पुढे जातात : ‘वक्र तार दिसली की टोके जोडा आणि सरळ तार समजून उत्तर काढा.’ नियम बरोबर आहे, पण त्याची बाकीची अर्धी गोष्ट सांगायची राहून जाते. जीवा नेमक्या एकाच प्रश्नाचे उत्तर देते : एकूण बल किती आणि कुठल्या दिशेला? तार ताणली किती जाते, ती फिरू पाहते का, हे प्रश्न विचारले की जीवा पुरत नाही. तिथे तारेचा खरा आकारच पाहावा लागतो. हे दोन्ही नीट कळले तर नियम पाठ करण्याची गरज उरत नाही.

सरळ तारेपासून सुरुवात

आधी सरळ तार घेऊ. चुंबकीय क्षेत्राला लंब असलेल्या सरळ तारेवरचे बल F = BIL या सूत्राने मिळते. B म्हणजे क्षेत्राची तीव्रता, I म्हणजे विद्युतधारा आणि L म्हणजे तारेची लांबी. आपल्या उदाहरणात B आणि I यांचा गुणाकार ०.४ गुणिले ५, म्हणजे २ होतो. याचा अर्थ असा, की तारेच्या दर मीटरला २ न्यूटन, म्हणजेच दर सेंटिमीटरला ०.०२ न्यूटन बल मिळते. हा आकडा लक्षात ठेवू, कारण पुढचा सगळा हिशोब त्याच्यावरच उभा आहे.

बलाची दिशा दहावीत शिकलेल्या फ्लेमिंगच्या डाव्या हाताच्या नियमाने कळते. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट एकमेकांना काटकोनात धरायचे. तर्जनी क्षेत्राच्या दिशेने, मधले बोट धारेच्या दिशेने, मग अंगठा बलाची दिशा दाखवतो. या नियमातली एक गोष्ट महत्त्वाची आहे : बल नेहमी तारेच्या त्या तुकड्याला लंब असते. तुकडा वळला की बलही त्याच्याबरोबर वळते.

आता आपली तार टेबलावर अशी ठेवलेली आहे, की तिचे एक टोक तुमच्या डाव्या हाताला आहे, दुसरे उजव्या हाताला, आणि कमान तुमच्यापासून लांबच्या बाजूला आहे. धारा डाव्या टोकाने शिरते, कमानीवरून जाते आणि उजव्या टोकाने बाहेर पडते. क्षेत्र वरून खाली, टेबलात शिरणारे आहे. डाव्या हाताचा नियम लावून पाहा. कमानीच्या शेंड्यावर धारा उजवीकडे जाते, तिथे बल तुमच्यापासून लांब, म्हणजे कमानीच्या बाहेरच्या बाजूला असते. डाव्या टोकाजवळ धारा तुमच्यापासून लांब जात असते, तिथे बल डावीकडे, पुन्हा बाहेरच्याच बाजूला असते. उजव्या टोकाजवळ ते उजवीकडे असते. थोडक्यात, तारेचा प्रत्येक तुकडा केंद्रापासून बाहेर ढकलला जातो.

इथेच पहिल्या चुकीच्या उत्तराचे कारण दिसते. ०.६३ न्यूटन हा आकडा काही निरर्थक नाही. तारेच्या सगळ्या तुकड्यांवरच्या बलांची परिमाणे, दिशा न पाहता, नुसती बेरजेत मांडली की तो येतो. पण डावीकडे ढकलणारे बल आणि उजवीकडे ढकलणारे बल यांची अशी बेरीज करता येत नाही. ती दोन्ही एकमेकांना खोडून टाकतात.

सहा तुकड्यांचा हिशोब

खोडाखोड नेमकी कशी होते ते पाहण्यासाठी कॅल्क्युलस लागत नाही. तारेचे सहा सारखे भाग करू आणि प्रत्येक भाग वक्र न ठेवता सरळ काडीसारखा घेऊ. दर भाग अर्धवर्तुळाचे ३० अंश व्यापतो. १० सेंटिमीटर त्रिज्येवर अशा प्रत्येक काडीची लांबी साधारण ५.१८ सेंटिमीटर भरते. कंपास आणि कोनमापक घेऊन कागदावर आकृती काढली तर ही लांबी पट्टीनेही मोजता येईल.

डाव्या टोकापासून निघू. पहिली काडी जवळजवळ उभी आहे. तिच्यावरून जाताना आपण उजवीकडे फक्त १.३४ सेंटिमीटर सरकतो आणि लांबच्या दिशेने ५ सेंटिमीटर. दुसरी काडी तिरकी आहे. ती उजवीकडे ३.६६ सेंटिमीटर नेते, लांबच्या दिशेनेही ३.६६. तिसरी जवळजवळ आडवी आहे. ती उजवीकडे ५ सेंटिमीटर नेते आणि लांबच्या दिशेने १.३४. आपण शेंड्यावर पोहोचलो. उरलेल्या तीन काड्या याच क्रमाने उलट आहेत : उजवीकडे ५, ३.६६ आणि १.३४, आणि लांब जाण्याऐवजी तेवढेच जवळ परत येणे.

आता बल पाहू. प्रत्येक काडीवरचे बल तिच्याशी काटकोनात असते. म्हणून काडीच्या आडव्या सरकण्यातून लांबच्या दिशेचे बल तयार होते आणि तिच्या उभ्या सरकण्यातून डावी-उजवीकडचे बल तयार होते. दर सेंटिमीटरला ०.०२ न्यूटन हा भाव दोन्हीकडे सारखाच. पहिल्या काडीचे १.३४ सेंटिमीटर आडवे सरकणे ०.०२६८ न्यूटन लांबचे बल देते, दुसरीचे ३.६६ सेंटिमीटर ०.०७३२ न्यूटन आणि तिसरीचे ५ सेंटिमीटर ०.१ न्यूटन. तिन्हींची बेरीज ०.२ न्यूटन. उजवीकडच्या तीन काड्या आणखी ०.२ न्यूटन देतात. एकूण ०.४.

डावी-उजवीकडच्या बलाचा हिशोब तर आणखी सोपा आहे. चढताना आपण एकूण १० सेंटिमीटर लांब गेलो, तेव्हा ०.२ न्यूटन बल डावीकडे मिळाले. उतरताना तेवढेच जवळ आलो, तेव्हा ०.२ न्यूटन उजवीकडे मिळाले. शिल्लक शून्य.

लक्ष देण्याजोगी गोष्ट अशी, की आपण घेतलेली आकृती अर्धवर्तुळ नव्हतीच. ती सहा काड्यांची खडबडीत कमान होती, तिची एकूण लांबी ३१.४ नव्हे तर जवळपास ३१.१ सेंटिमीटर होती. तरीही उत्तर ०.४ न्यूटनच आले, आणि तेही अंदाजाने नव्हे. साठ काड्या घेतल्या, सहाशे घेतल्या किंवा तार नागमोडी वाकवली तरी तेच येईल, कारण डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत आडवे सरकणे शेवटी २० सेंटिमीटरच भरते आणि उभे सरकणे शेवटी शून्यच होते.

हे असे का घडते

नववीत अंतर आणि विस्थापन यांतला फरक शिकवतात. घरातून निघून गल्लीबोळांतून, देवळाला वळसा घालून बाजारात गेलो तर चाललेले अंतर एक किलोमीटर असू शकते, पण विस्थापन म्हणजे घरापासून बाजारापर्यंतचा सरळ बाण, तो चारशे मीटरचाच असतो. कुठल्याही वाटेने गेलो तरी विस्थापन बदलत नाही. चुंबकीय बलाला तारेचे अंतर कळत नाही, विस्थापन कळते.

गणिताच्या भाषेत, तारेच्या प्रत्येक छोट्या तुकड्यावरचे बल म्हणजे धारा गुणिले तो तुकडा आणि क्षेत्र यांचा सदिश गुणाकार. सगळ्या तुकड्यांची बेरीज करताना धारा सगळीकडे एकच आहे, म्हणून ती बेरजेच्या बाहेर काढता येते. क्षेत्रही सगळीकडे तेच आणि त्याच दिशेने आहे, म्हणून तेही बाहेर काढता येते. आत फक्त तुकड्यांच्या बाणांची बेरीज उरते आणि एकापुढे एक लावलेल्या बाणांची बेरीज म्हणजे सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा एकच बाण. तोच बाण म्हणजे जीवा. हाताने लिहायचे तर F = I L × B, आणि इथला L हा लांबीचा आकडा नसून धारा शिरते त्या टोकापासून ती बाहेर पडते त्या टोकापर्यंतचा सदिश आहे. अर्धवर्तुळासाठी त्याची लांबी 2R, म्हणून F = 2BIR.

या कल्पनेची मुळे दोनशे वर्षांमागची आहेत. १८२० मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेडने विजेच्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते हे जाहीर केले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये आंद्रे-मारी अँपिअरने तारांच्या एकमेकांवरच्या बलांचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. त्याने असे प्रयोग रचले, की त्यांत काहीच हलू नये : दोन बले एकमेकांना तोलून धरतात का, एवढेच पाहायचे. त्यांतल्या एका प्रयोगात एक तार सरळ होती आणि दुसरी तिच्याजवळून बारीक बारीक नागमोडी वळणे घेत जात होती. दोन्हींमधली धारा सारखी ठेवली तर दोन्हींचा परिणामही सारखाच निघाला. वळणांमुळे तारेची लांबी वाढली होती, बल वाढले नव्हते.

अँपिअरच्या प्रयोगात मात्र एक अट होती. वळणे बारीक असायला हवी होती आणि नागमोडी तार सरळ रेषेला धरूनच राहायला हवी होती. एका तारेजवळचे क्षेत्र जागोजागी बदलते, म्हणून वळण लांब गेले असते तर तिथे क्षेत्र वेगळे मिळाले असते. आपल्या उदाहरणात क्षेत्र सगळीकडे सारखे आहे, म्हणून तार जीवेपासून कितीही लांब जाऊन परत आली तरी चालते.

क्षेत्राची दिशा बदलली तर

जीवेचा खरा उपयोग क्षेत्राची दिशा बदलल्यावर दिसतो. तार तशीच टेबलावर आहे, पण क्षेत्र आता टेबलाच्या पृष्ठभागाला समांतर, तुमच्यापासून लांब जाणारे आहे. काही तुकडे क्षेत्राला समांतर, काही लंब, काही तिरके. प्रत्येकाचा हिशोब वेगळा करत बसलो तर वेळ जाईल. जीवा घेतली की ती क्षेत्राला काटकोनात आहे, हे लगेच दिसते. म्हणून बल पुन्हा ०.४ न्यूटन, फक्त या वेळी दिशा टेबलातून वर, छताकडे.

तिसरी शक्यता : क्षेत्र डावीकडून उजवीकडे, म्हणजे व्यासाला समांतर. आता जीवा क्षेत्राच्या दिशेतच आहे, म्हणून एकूण बल शून्य. इथे ‘तारेवर बलच नाही’ असे लिहिणारे खूप भेटतात आणि इथेच सावध राहायला हवे. कमानीच्या डाव्या अर्ध्यावर बल खाली, टेबलाकडे असते आणि उजव्या अर्ध्यावर तेवढेच बल वर असते. बेरीज शून्य आहे, पण तार शांत नाही. डावी बाजू दबते आहे आणि उजवी उचलली जाते आहे. मोकळी सोडली तर ती पलटी खाऊ पाहील.

जीवा जे सांगत नाही ते पहिले : ताण

पहिल्या मांडणीकडे, म्हणजे क्षेत्र टेबलात शिरते त्या स्थितीकडे परत येऊ. तारेचा प्रत्येक तुकडा बाहेर ढकलला जातो, म्हणून तार ताणली जाते. हा ताण किती?

एकूण बल ०.४ न्यूटन लांबच्या दिशेने आहे. तार दोन टोकांना धरलेली आहे आणि अर्धवर्तुळाच्या टोकांशी तार सरळ तुमच्या दिशेने येते. तेव्हा दोन्ही टोके मिळून ते ०.४ न्यूटन पेलतात, एकेका टोकाच्या वाट्याला ०.२ न्यूटन येतात. म्हणून तारेतला ताण ०.२ न्यूटन, साधारण २० ग्रॅम वजनाइतका. सूत्रात T = BIR. या सूत्रात जीवा नाही, त्रिज्या आहे. म्हणजे ताण ठरतो तो तार किती वळली आहे यावर. तीच दोन टोके सरळ तारेने जोडली असती तर एकूण बल तेच राहिले असते, ताणाचा हिशोब मात्र पूर्ण वेगळा झाला असता.

हेच सूत्र उलटेही वाचता येते. तार मऊ, वजनाला हलकी असेल आणि तिला ठरावीक ताण देऊन क्षेत्रात सोडले, तर ती स्वतःहून वर्तुळाच्या कंसाचा आकार घेते आणि त्याची त्रिज्या ताण भागिले BI इतकी असते. कण-त्वरकांसाठी चुंबक बांधणाऱ्यांनी याचा मोठा उपयोग करून घेतला. विद्युतभारित कण चुंबकीय क्षेत्रात ज्या त्रिज्येने वळतो ती त्याचा संवेग भागिले विद्युतभार आणि क्षेत्र यांच्या गुणाकाराइतकी असते. दोन्ही सूत्रे शेजारी मांडली तर दिसते, की ताण आणि धारा यांचे गुणोत्तर कणाच्या संवेग आणि विद्युतभार यांच्या गुणोत्तराइतके ठेवले, की तार नेमक्या कणाच्या वाटेवर पडून राहते. चुंबकातून कण कुठून जाईल हे कण सोडण्याआधीच एका तारेने आखून घेता येते. या पद्धतीला तरंगत्या तारेची पद्धत म्हणतात.

जीवा जे सांगत नाही ते दुसरे : फिरवण्याचा जोर

एकूण बल किती, हे कळले तरी ते कुठे लागते, हा वेगळा प्रश्न आहे. दरवाजाला बिजागरीजवळ ढकलले काय आणि कडीजवळ ढकलले काय, बल तेवढेच असले तरी दरवाजा वेगळा फिरतो.

क्षेत्र टेबलाला समांतर आणि तुमच्यापासून लांब जाणारे, ही दुसरी मांडणी घेऊ. एकूण बल ०.४ न्यूटन, वर उचलणारे. जीवेच्या जागी खरोखर सरळ तार असती तर हे बल व्यासावरच लागले असते आणि व्यासाभोवती काही फिरले नसते. पण खरी तार कमानीवर आहे आणि बलाचा मोठा वाटा शेंड्याजवळच्या आडव्या तुकड्यांकडून येतो. हिशोब केला तर हे एकूण बल व्यासापासून πR/4, म्हणजे ७.८५ सेंटिमीटर लांब लागते असे निघते. म्हणून कमान व्यासाभोवती, बिजागरीला लावलेल्या झाकणासारखी, वर उचलली जाते. टॉर्क म्हणजे ०.४ गुणिले ०.०७८५, जवळपास ०.०३१ न्यूटन-मीटर.

आता दुसऱ्या वाटेने तोच आकडा काढू. अर्धवर्तुळ आणि व्यास यांच्यामध्ये सापडलेले क्षेत्रफळ १५७ चौरस सेंटिमीटर, म्हणजे ०.०१५७ चौरस मीटर आहे. धारा, हे क्षेत्रफळ आणि चुंबकीय क्षेत्र यांचा गुणाकार केला, ५ गुणिले ०.०१५७ गुणिले ०.४, तर पुन्हा ०.०३१ न्यूटन-मीटर येतात. हा योगायोग नाही. खरी तार आणि तिची जीवा यांतला फरक म्हणजे त्या दोघींनी मिळून केलेले बंद वेटोळे, आणि सारख्या क्षेत्रातल्या बंद वेटोळ्यावर एकूण बल शून्य असते पण त्याला फिरवणारा टॉर्क असू शकतो. म्हणजे जीवा बल पूर्ण सांगते आणि जे हातचे राहते ते सगळे क्षेत्रफळात सापडते. मघाच्या तिसऱ्या मांडणीत, जिथे एकूण बल शून्य होते, तिथे तार पलटवणारा टॉर्कही याच मापाचा असतो.

बल कुठे लागते हे ओळखून एक सुंदर उपकरण बनवले गेले आहे. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ एमे कोटाँ यांनी चुंबकीय क्षेत्र मोजण्यासाठी तराजू तयार केला. त्याच्या दांडीच्या एका बाजूला पारडे असते आणि दुसऱ्या बाजूला विद्युतधारा वाहून नेणारी तार चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये जाते. अडचण अशी, की मोजायचे आहे ते एका छोट्या सरळ तुकड्यावरचे बल, पण त्या तुकड्यापर्यंत धारा नेणाऱ्या आणि परत आणणाऱ्या तारांचा काही भागही क्षेत्रात येतोच. त्यांच्यावरही बल असते आणि ते हिशोब बिघडवते.

कोटाँ यांच्या तराजूत या नेणाऱ्या-आणणाऱ्या तारा वर्तुळाच्या कंसात वाकवलेल्या असतात आणि त्या कंसांचा केंद्रबिंदू नेमका तराजूच्या धारेवर, म्हणजे दांडी जिथे टेकते तिथे असतो. कंसाच्या प्रत्येक तुकड्यावरचे बल त्रिज्येच्या रेषेत असते, हे आपण वर पाहिलेच. त्या सगळ्या रेषा दांडीच्या टेकूमधून जातात, म्हणून त्या बलांना दांडी फिरवता येत नाही. फिरवतो तो फक्त मधला सरळ तुकडा. तो २ सेंटिमीटरचा असेल, धारा ५ अँपिअर असेल आणि दोन्ही भुजा सारख्या असतील, तर पारड्यात १ ग्रॅमच्या वजनाने दांडी समतोल होते तेव्हा क्षेत्र जवळजवळ ०.१ टेस्ला आहे असे समजते. कंसावरचे बल इथे नाहीसे झालेले नाही. ते कुठे लागते याची जागा हुशारीने निवडली आहे, एवढेच.

नियम कुठे मोडतो

‘क्षेत्र सगळीकडे सारखे’ ही अट गेली की जीवाही गेली. परीक्षेतला नेहमीचा सापळा असा : तार अर्धवर्तुळाची आहे, पण क्षेत्र फक्त उजव्या अर्ध्या भागात आहे. इथे व्यास घेऊन चालत नाही. जेवढी तार क्षेत्रात आहे तेवढ्याचीच टोके जोडायची. आपल्या उदाहरणात क्षेत्र टेबलात शिरणारे असेल तर क्षेत्रात पाव वर्तुळ उरते, त्याची जीवा शेंड्यापासून उजव्या टोकापर्यंत, १४.१ सेंटिमीटर. बल ०.२८ न्यूटन, आणि ते ४५ अंशांत तिरके, लांब आणि उजवीकडे. निम्मी तार म्हणून निम्मे बल, ०.२ न्यूटन, असे समजणारा विद्यार्थी इथे चुकतो, कारण डावीकडचे जे बल खोडाखोड करणार होते ते आता नाही.

अर्धवर्तुळाच्या शेजारी दुसरी लांब सरळ तार ठेवून तिच्या क्षेत्राचा प्रश्न विचारला असेल, तर जीवा अजिबात वापरू नये. तारेपासून अंतर वाढेल तसे क्षेत्र घटत जाते, म्हणून B बेरजेच्या बाहेर काढता येत नाही. तिथे तुकड्या-तुकड्याचा हिशोब करावाच लागतो. तारेचा रोध आणि तिचे तापणे यांनाही जीवेशी काही देणेघेणे नाही. धारेला पूर्ण ३१.४ सेंटिमीटर चालावे लागते आणि उष्णता तेवढ्या लांबीचीच निर्माण होते.

प्रयोगशाळेत क्षेत्र खरोखर सारखे आहे की नाही, हे याच नियमाने तपासता येते. अर्धवर्तुळाची दोन टोके सरळ तारेने जोडा, बंद वेटोळे करा आणि तेवढीच धारा त्यात फिरवा. धारा कमानीवरून उजवीकडे जाते आणि सरळ तारेतून डावीकडे परत येते, म्हणून क्षेत्र सारखे असेल तर ०.४ न्यूटन आणि ०.४ न्यूटन एकमेकांना तोलतात आणि संवेदनशील तराजूवर वेटोळ्याचे एकूण बल शून्य दिसते. वेटोळ्यात धारा आणणाऱ्या-नेणाऱ्या तारा मात्र एकमेकींना चिकटून, पीळ देऊन आणाव्या लागतात, म्हणजे त्यांच्यातल्या उलट्या धारांची बले आपोआप खोडली जातात. एवढी काळजी घेऊनही वेटोळे एखाद्या बाजूला ओढले गेले, तर आकडेमोडीत चूक शोधण्याआधी चुंबकाकडे पाहावे. त्या बाजूला क्षेत्र कमी-जास्त आहे आणि तिथे व्यासाची जीवा धरून काढलेले उत्तर खरे ठरणार नाही.